विषय : रजेबाबत

कागदी अर्जाचे राज्य होते तोपर्यंत रजा मागणाऱ्या मनुष्यास विषयाची ओळ सुचण्याची विवंचना कधी करावी लागली नाही. फुलस्केप कागदाच्या मध्यभागी ‘विषय : किरकोळ रजा मिळणेबाबत’ असे लिहून त्याखाली एक ठसठशीत रेघ ओढली, की अर्जदाराचे निम्मे कर्तव्य संपले. उरलेले निम्मे ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करण्यात येतो की’ या वाक्यखंडाने आपोआप पुरे होई. हा खंड इतक्या पिढ्यांच्या कारकुनांनी इतक्या वेळा गिरवलेला होता, की तो लिहिताना हात चाले आणि डोके विश्रांती घेई. आणि यात वावगे काहीच नव्हते. कारण तो कागद आवक बारनिशीत चढून, शिपायाच्या हातून साहेबांच्या टेबलावर येऊन, सगळाच्या सगळा उघडा असा त्यांच्या दृष्टीपुढे पडत असे. विषय निरर्थक असला, प्रारंभ पाल्हाळिक असला, तरी साहेबांची अनुभवी नजर त्या साऱ्यावरून घसरत नेमकी तारखेवर जाऊन थांबे, समासात ‘मंजूर’ असा शेरा पडे आणि प्रकरण दप्तरी दाखल होई.

ईमेलने ही सोय काढून घेतली, आणि ती काढून घेतल्याची वर्दी मात्र कोणालाच दिली नाही.

आमच्या कार्यालयात रजेचे अर्ज ईमेलने विभागप्रमुखांकडे जातात आणि त्यांच्या संमतीनिशी पुढे आस्थापना शाखेकडे, म्हणजे प्रस्तुत लेखकाकडे, येतात. सबब या वाङ्मयप्रकाराचा परामर्श घेण्यास जेवढे वाचन आवश्यक असते, तेवढे माझ्या पदरी पगारासहित पडलेले आहे. या वाचनावरून माझे असे ठाम मत झाले आहे, की अर्ज करणारा अजूनही कागदावर लिहीत आहे आणि अर्ज वाचणारी व्यक्ती मात्र मोबाईलवर वाचत आहे. आमच्या एका विभागप्रमुख बाई सकाळी उद्वाहनात शिरतात, तेव्हा त्यांच्या एका हातात डब्याची पिशवी असते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याखालून रात्रभरात आलेली पत्रे वर सरकत असतात. त्या यादीत प्रत्येक पत्रास जी जागा मिळते तीत पाठविणाऱ्याचे नाव ठळक दिसते, त्याखाली विषयाची पहिली तीसचाळीस अक्षरे दिसतात, आणि त्याखाली करड्या, पुसट टाइपात पत्राच्या मजकुराचा प्रारंभ, तोही एखाद्या ओळीपुरता, दिसतो. सातव्या मजल्यापर्यंत जेवढी पत्रे निकालात निघतात तेवढी निघतात; बाकीची नंतर पाहू या सदरात जातात, आणि त्या सदरातून पत्र परत वर येणे हे किती दुर्घट असते, ते ज्यांची रजा त्यात अडकून पडली आहे त्यांनाच ठाऊक.

आता आपल्या परंपरागत अर्जाची त्या चिमुकल्या जागेत काय अवस्था होते ते पाहावे. विषय दिसतो, ‘रजा मिळणेबाबत विनंती अर्ज सादर’, आणि तेथेच तुटतो. त्याखाली करड्या अक्षरांत ‘आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार, वरील विषयास अनुसरून आपणांस…’ एवढे येऊन तीन टिंबे उमटतात. म्हणजे वाचणाऱ्यास एवढेच कळते, की कोणास तरी काही रजा हवी आहे आणि तो मनुष्य सुस्वभावी आहे. कधी, किती, कोणती, यांपैकी एकही प्रश्न सुटत नाही. पत्र उघडावे लागते, आणि उद्वाहनात पत्र उघडण्याइतकी नेटवर्कची कृपा नसते.

ज्यांनी विषयाची जागा साफ रिकामी सोडण्याचा परिपाठ ठेवला आहे, त्यांच्या बाजूने एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. ईमेलची घडण कशी असावी याचे जे तांत्रिक मानक २००८ साली RFC 5322 या नावाने सिद्ध झाले, त्यात पत्राच्या शिरोभागी अनिवार्य अशा दोनच गोष्टी मानल्या आहेत, एक पाठविल्याची तारीख आणि दुसरी पाठविणाऱ्याचा पत्ता. विषय हा ऐच्छिक आहे. तेव्हा ‘विषय लिहिलेला नाही, तरी पाठवायचे का?’ असे यंत्राने काकुळतीला येऊन विचारले असता जे लोक निर्विकार मुद्रेने ‘होय’ दाबतात, त्यांच्या हातून कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. फक्त त्यांची रजा मंजूर होत नाही.

रिकाम्या विषयाहून थोडा बरा प्रकार म्हणजे ‘रजा’ एवढाच विषय. या विषयाची अडचण पहिल्या दिवशी कळत नाही, ती वर्षअखेरीस कळते. डिसेंबरात कोणाची किती रजा शिल्लक आहे याचा ताळा घालण्यासाठी आम्ही टपालपेटीच्या शोधखिडकीत ‘रजा’ हा शब्द घालतो, आणि समोर ‘रजा’, ‘रजा’, ‘रजा’ अशी एक अखंड माळ उभी राहते, जीमधील कोणता मणी कोणत्या महिन्याचा हे प्रत्येक मणी फोडल्यावाचून समजण्याचा मार्ग नसतो. ‘अर्जंट’ या विषयाबद्दल मी अधिक लिहू इच्छित नाही. तो विषय नव्हे, ती आरोळी आहे. परंतु सर्वांत घातक प्रकार या तिन्हींहून निराळा आहे. काटकसरी वृत्तीचा मनुष्य नवे पत्र लिहिण्याऐवजी गतवर्षी मंजूर झालेले रजेचे पत्रच शोधून काढतो, त्यालाच उत्तर म्हणून नवा मजकूर टंकतो आणि पाठवून मोकळा होतो. विषय जुनाच राहतो आणि त्यात तारखाही जुन्याच राहतात. बाईंच्या यादीत हे पत्र गतवर्षीच्या साखळीचे शेपूट म्हणून दिसते, खाली त्यांचाच गतवर्षीचा ‘मंजूर’ दिसतो, आणि आपण यास मंजुरी देऊन चुकलो आहोत अशा समाधानाने त्या पुढे सरकतात. अर्जदारही उत्तराची वाट न पाहता गावी जातो, कारण त्याला वाटते की मौन म्हणजे संमती. मग हजेरीपटावर चार तांबड्या फुल्या उमटतात आणि ‘मजकूर इसम विनापरवाना गैरहजर’ असा खुलासा मागविण्याचे अप्रिय काम मला करावे लागते.

याच्या अगदी उलट टोकाला कारणप्रिय मंडळी असतात. रजेचे कारण हा आपल्या समाजात एक स्वतंत्र ललित प्रकार मानला गेला असल्याने, आपली उत्तम निर्मिती लोकांच्या नजरेस प्रथमदर्शनीच पडावी या भावनेने ही मंडळी कारण थेट विषयातच घालतात. एके दिवशी आमच्या सभागृहात बाई पाहुण्यांपुढे तिमाही आकडे मांडत होत्या. त्यांचा संगणक प्रोजेक्टरला जोडलेला होता, पडद्यावर रंगीत स्तंभ उभे होते, खोलीत अंधार होता, आणि दाव्यांच्या निपटाऱ्याचे प्रमाण कसे सुधारले हे त्या विशद करीत असतानाच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट अलगद वर आली आणि तीत एका सहकाऱ्याच्या पूर्ण नावाखाली ‘रात्रीपासून जुलाब होत असल्याने रजा’ हा विषय वीतभर अक्षरांत झळकला. ती चौकट पाच-सहा सेकंदच टिकली. पाहुण्यांनी सभ्यपणे आपापल्या चहाच्या पेल्यांत पाहिले. तेव्हापासून आमच्या कार्यालयात हे तत्त्व रूढ झाले आहे, की कारण सांगायचेच असेल तर ते मजकुरात, तेही बेताने सांगावे. विषयात रजेचा प्रकार आणि तारीख एवढेच असावे, कारण विषय हा केवळ ज्याला पाठविला त्यालाच दिसतो असे नाही.

तारीख म्हणजे तारीख, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी अंगात कणकण आलेला मनुष्य ‘उद्या रजा’ असा विषय लिहून झोपी जातो. बाई ते पत्र सकाळी साडेआठला वाचतात आणि सरळ मनाने असे समजतात, की हा आज येणार आहे आणि उद्या येणार नाही. आणि त्याप्रमाणे त्यांनी अकराच्या बैठकीत त्याचे नाव लावलेले असते. अकराला खुर्ची रिकामी. पत्र लिहिणाऱ्याच्या घड्याळात जो उद्या असतो तो वाचणाऱ्याच्या घड्याळात आज झालेला असतो, आणि ‘येत्या शुक्रवारी’, ‘पुढच्या आठवड्यात’ या साऱ्यांची प्रकृती अशीच नाजूक आहे. महिना आकड्यात लिहिण्याची सवयही ज्यांचे वरिष्ठ अमेरिकेत बसतात त्यांनी सोडावी हे बरे. कारण ०४/०९ ही आपली चौथी सप्टेंबर तिकडे नववी एप्रिल होते. दिवसाचा आकडा आणि महिन्याचे नाव लिहिण्यास चार अक्षरे अधिक लागतात, आणि ती चार अक्षरे परवडण्यासारखी आहेत.

एक उदाहरण तपशिलाने घेऊ. आमच्याकडे कुडाळकडचा एक तरुण आहे. २०२६ सालची गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी, येते. घरी पाच दिवसांचा गणपती. कोकण रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होत असल्याने १२ तारखेच्या शनिवारच्या गाडीसाठी त्याला १४ जुलैच्या सकाळी बोटे सरसावून बसावे लागले. आणि प्रत्येक खऱ्या चाकरमान्याप्रमाणे तो आधी तिकीट काढतो व नंतर रजा मागतो, कारण रजा नाकारणारा साहेब एकच असतो आणि तिकीट नाकारणारी प्रतीक्षायादी अनंत असते. त्याने प्रथम जो विषय लिहून माझ्या नजरेखालून घातला तो असा होता :

‘गणपती उत्सवानिमित्त गावी जाण्यासाठी रजा मंजूर होणेबाबत नम्र विनंती’

भावना उत्तम, परंतु मोबाईलवर यातील ‘गणपती उत्सवानिमित्त गावी जाण्यासाठी’ एवढेच दिसेल, आणि रजा हा शब्दच तुटलेल्या भागात वाहून जाईल. त्याने दुसरा प्रयत्न केला : ‘रजा १४ ते १८ सप्टेंबर’. हा पुष्कळ बरा. मात्र १४ तारखेला कार्यालयालाच सुट्टी आहे, आणि जी सुट्टी आपली आहेच ती मागून घेण्यात औदार्य असले तरी शहाणपण नाही. शनिवार-रविवार आमच्याकडे बंद. म्हणजे कामाचे दिवस बुडतात ते मंगळवार १५ पासून शुक्रवार १८ पर्यंत, दोन्ही धरून, चार. हे मोजून झाल्यावर तिसरा विषय तयार झाला :

‘रजेची विनंती : १५ ते १८ सप्टेंबर (४ दिवस)’

यात त्याचे नाव नाही, कारण नाव यादीत विषयाच्या डोक्यावर आधीच दिसते. परंतु बाई हे पत्र जेव्हा माझ्याकडे पुढे पाठवतील तेव्हा डोक्यावर बाईंचे नाव येईल आणि चार दिवस बाईच रजेवर चालल्या आहेत असा माझा क्षणभर समज होईल. म्हणून ज्या कार्यालयात पत्र असे हात बदलते तेथे विषयाच्या शेवटी आपले आडनाव जोडावे. शेवटी यासाठी, की तुटले तर तेच तुटावे. कंसातील ‘४ दिवस’ हा मात्र शोभेचा नाही. तारखा आणि दिवसांची संख्या एकमेकींशी जुळत नसतील तर चूक तेथेच पकडली जाते. आणि जेथे रजेच्या दोन दिवसांमध्ये सापडलेली सुट्टीही रजाच धरण्याचा, कर्मचारी ज्याला सँडविच म्हणून शिव्या देतात तो, नियम आहे, तेथे आपण किती दिवस मागत आहोत हे अर्जदाराने स्वतःच सांगून टाकलेले बरे. आपल्या तरुणाच्या चार दिवसांना दोन्ही बाजूंनी सुट्ट्या लागून असल्या तरी मध्ये एकही नाही, म्हणून तो या सापळ्यातून सहीसलामत सुटला. सरकारी कचेरीत असता तर ‘रजेपूर्वी व रजेनंतर येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेण्याची परवानगी व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी’ असे आणखी एक शेपूट त्याला मजकुरात लावावे लागले असते.

राहिले पहिले वाक्य. येथे आपला मनुष्य खरा अडखळतो, कारण मुद्द्यावर एकदम येणे हे त्याला उद्धटपणाचे वाटते. कुशल विचारल्यावाचून, आपण फार व्यग्र असाल हे मान्य केल्यावाचून आणि ‘सदर पत्र लिहिण्यास कारण की’ असा उंबरठा ओलांडल्यावाचून रजेच्या खोलीत पाऊल टाकू नये, हा संस्कार आहे, आणि त्या संस्काराची मी थट्टा करणार नाही. एवढेच म्हणेन, की पत्राच्या ज्या एका करड्या ओळीवर आपली मंजुरी अवलंबून आहे ती ओळ त्या उंबरठ्यावरच खर्च होते. सौजन्यास ‘नमस्कार मॅडम,’ एवढे पुरते. त्यापुढचे पहिलेच वाक्य असे हवे, की विषय झाकून ते एकटेच वाचले तरी निर्णय देता यावा. आमच्या तरुणाने लिहिले :

‘नमस्कार मॅडम, १५ ते १८ सप्टेंबर असे चार दिवस अर्जित रजा मंजूर व्हावी ही विनंती, सोमवार २१ रोजी कामावर हजर होईन.’

विषयातील तारखा वाक्यात पुन्हा आल्या, ही पुनरुक्ती नव्हे काय, अशी शंका काही भाषाशुद्धीचे अभिमानी घेतात. पुनरुक्ती आहेच. परंतु विषयाचा आधार घेऊन ‘वरील तारखांना रजा मिळावी’ असे लिहिणारास हे ठाऊक नसते, की पत्र उघडून बोटाने खाली सरकवले की विषय पडद्याबाहेर जातो आणि ‘वरील’ म्हणजे कोणते ते पाहण्यास परत वर जावे लागते. कामावर परतण्याचा दिवस स्वतंत्र लिहिल्यामुळे १८ तारीख रजेत धरली की नाही हा जुना तंटाही मिटतो. गौरीगणपती, आईचा फोन, घराची कौले आणि आपल्या अनुपस्थितीत कोणती फाईल कोण पाहील, हे सारे दुसऱ्या वाक्यापासून सुखाने यावे. त्यांपैकी फाईलचे आधी यावे, कारण बाईंना कौलांपेक्षा त्याची चिंता अधिक असते.

या वाक्यात ‘विनंती’ आहे, ‘कळवितो’ नाही, आणि हा भेद केवळ शिष्टाचाराचा नव्हे. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत साफ म्हटलेले आहे, आणि खाजगी कंपन्यांचे नियम इंग्रजीत छापलेले असले तरी त्यांचा आत्मा याहून वेगळा नसतो. तेव्हा दोन महिन्यांवरील रजेबाबत ‘मी १५ पासून रजेवर जात आहे’ अशी घोषणा करणारा मनुष्य बाईंपुढे मंजुरीचा नव्हे तर मानापमानाचा प्रश्न उभा करतो. याच्या उलट, पहाटे एकशेदोन तापाने फणफणलेल्या माणसाने ‘आजची रजा मंजूर व्हावी ही नम्र विनंती’ असे लिहून उत्तराची वाट पाहत पडणे हेही विपरीतच. बाई ‘नाही’ म्हणाल्या तर तो काय करणार आहे? तेथे कळविणे हेच योग्य : विषयात ‘आज, बुधवार ८ जुलै : आजारपणाची रजा’, आणि पहिल्या वाक्यात ‘ताप असल्याने आज कामावर येऊ शकत नाही, अकराच्या बैठकीची कागदपत्रे सामाईक फोल्डरमध्ये ठेवली आहेत.’ औपचारिक अर्ज अंथरुणातून उठल्यावर. तापाचा आकडा, तो किती वाजता मोजला आणि डॉक्टर काय म्हणाले, हे बाईंनी विचारले तर सांगावे. त्या बहुधा विचारीत नाहीत.

आमच्या तरुणाचे पत्र दुपारपर्यंत मंजूर होऊन माझ्याकडे आलेही. पुढे परतीचे तिकीट रविवारच्या रात्रीचेच मिळाले, म्हणजे सोमवारी सकाळी मुंबईत, आणि गणपतीच्या दिवसांत कोकणातून येणारी गाडी वेळेवर येईल असे गृहीत धरण्याइतका तो अननुभवी नव्हता. सोमवारचीही रजा वाढवून घ्यावी, तर शनिवार-रविवार मध्ये सापडून चाराचे सात दिवस होत होते. तेव्हा त्याने जुन्या साखळीत उत्तर न घुसवता नवे पत्र केले आणि विषय लिहिला, ‘बदल : २१ सप्टेंबरला दुपारी १२ वाजता हजर, रजा पूर्वीचीच’. खाली एकच वाक्य होते, की गाडी सकाळी पोहोचत असल्याने त्या दिवशी उशिरा येण्याची परवानगी मिळावी, संध्याकाळी तेवढा वेळ अधिक थांबेन.

बाईंचे उत्तर सातव्या मजल्याच्या आत आले : ‘मंजूर. येताना खाजे आणा.’ ते पत्र त्यांनी रीतीप्रमाणे माझ्याकडे पुढे पाठविले, आणि रजेच्या नियमांत या अटीची नोंद कोणत्या सदरात करावी याबद्दल काहीच तरतूद नसल्याने, आस्थापना शाखेसाठी अर्धा किलो अधिक आणावे असा शेरा मारून मी ते परत केले.